आयव्ही रँकचा अलर्ट भलत्याच वेळी वाजतो, किंवा वाजतच नाही: तपासायला कुठून सुरुवात करायची

आमच्या ऑप्शनवाल्या मित्रमंडळात कुणाचा आयव्ही रँकचा अलर्ट बिघडला की दुरुस्तीला तो माझ्याकडे येतो. तक्रार दरवेळी नवी असते, कारणं मात्र तीच ती. आणि बहुतेक जण सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतात. थेट कोड उपसायला घेतात, नाहीतर डेटाचं महागडं पॅकेज विकत घेतात, आणि शेवटी निघतं काय, तर चार्टचा टाइमफ्रेम चुकलेला. म्हणून ज्या क्रमाने मी स्वतः तपासतो, त्याच क्रमाने लिहितो. फुकट आणि दोन मिनिटांचं काम आधी, डोकेदुखीचं शेवटी.

अलर्ट नेमका कशाचा आहे, ते एका ओळीत. आजची इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे आयव्ही, म्हणजेच ऑप्शनच्या भावांतून दिसणारा पुढच्या चढउतारांचा अंदाज, गेल्या वर्षभराच्या तळ आणि माथा यांच्या दरम्यान कुठे आहे, हे ० ते १०० मध्ये मोजायचं आणि ठरवलेली रेघ ओलांडली की घंटी वाजवायची.

```
IVR = 100 * (IV - Low) / (High - Low)
```

सूत्रात दोन वजाबाक्या, एक भागाकार, एक गुणाकार. त्यात बिघडण्यासारखं काही नाही. बिघडतात ते त्यात शिरणारे तीन आकडे.

लक्षणं

आधी आपलं दुखणं यातलं कोणतं ते बघा.

- बाजार जोरात हलला, प्रीमियम फुगले, तरी अलर्ट गप्प.
- सकाळी बाजार उघडताच वाजतो आणि पंधरा मिनिटांत रँक परत खाली.
- दिवसभरात पुन्हा पुन्हा वाजतो.
- दोन ठिकाणी बघितलं तर दोन आकडे, आणि फरक पाच-दहाचा नाही, चांगला वीस-तीसचा.
- पाच मिनिटांच्या चार्टवर रँक सारखा ०, १००, ० असा झोके घेतो.
- दर आठवड्याला ठरावीक वारीच वाजतो.
- बाजारात काहीही घडलेलं नाही आणि रँकने एका रात्रीत दहा अंकांची उडी मारली.
- रँक १०० च्या वर किंवा शून्याच्या खाली.

शेवटचं लक्षण इथेच निकालात काढतो. काही पद्धतींत तळ-माथा कालपर्यंतचा धरतात आणि आजचा चालू आकडा त्याच्याशी ताडतात. आज वर्षाचा माथा मोडला तर रँक ११२ वगैरे येणारच. तो बिघाड नव्हे. खटकत असेल तर मर्यादेत आजचा दिवसही धरा. माझं विचाराल तर १०० च्या वरचा आकडा मला आवडतो, कारण आज काहीतरी निराळं चाललंय हे तो सरळ सांगतो.

१. तुम्ही बघताय तो रँक आहे की पर्सेंटाइल?

सगळ्यात स्वस्त तपासणी, आणि दोन ठिकाणी दोन आकडे असल्याच्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. रँकला फक्त तळ आणि माथा हे दोनच दिवस कळतात. वर्षातले किती दिवस आजच्यापेक्षा शांत होते, हे पर्सेंटाइल सांगतो. म्हणजे तिथे सगळे दिवस मोजले जातात. काही ॲप आणि सॉफ्टवेअर एकावर दुसऱ्याचं लेबल लावतात, त्यामुळे नावावर विसंबू नका. मदतीच्या पानावर सूत्र शोधा. सूत्र दिलेलंच नसेल तर वर्षाचा तळ आणि माथा बघून कॅल्क्युलेटरवर रँक काढा आणि जुळतो का ते पाहा.

फरक किती पडतो? ७ एप्रिल २०२५ घ्या. अमेरिकेच्या आयात शुल्काच्या घोषणेने जगभरचे बाजार कोसळले तो सोमवार. इंडिया व्हिक्स, म्हणजे निफ्टीच्या ऑप्शनवरून काढलेला आयव्हीचा निर्देशांक, आदल्या शुक्रवारी १३.७६ वर बंद झाला होता, तो त्या दिवशी २२.७९ वर बंद झाला. मागच्या वर्षभरात बंद भावाने याच्या वर गेलेले दिवस मोजकेच होते: मे २०२४ ची अखेर आणि ४ जूनचा लोकसभा निकालाचा दिवस. त्यामुळे पर्सेंटाइल पंचाण्णवच्या पुढे. आणि रँक? तो पुढच्याच मुद्द्यात काढू, पण पंचाण्णवच्या जवळपासही नव्हता. दोन्ही आकडे बरोबर आहेत. फक्त ७० ची रेघ एकावर ठरवून दुसऱ्याला लावली की अलर्ट एकतर सतत वाजतो, नाहीतर कधीच नाही.

२. माथा बंद भावाचा की दिवसातल्या उच्चांकाचा?

वाजायला हवा होता तेव्हा गप्प बसलेल्या अलर्टचं सगळ्यात नेहमीचं कारण हे. तोच ७ एप्रिल २०२५ पूर्ण सोडवून दाखवतो.

वर्षभरातला सगळ्यात कमी बंद भाव २३ एप्रिल २०२४ चा, १०.२० च्या आसपास. त्या दिवशी व्हिक्स एकाच सत्रात जवळपास वीस टक्के पडला होता. सगळ्यात जास्त बंद भाव ४ जून २०२४ चा, २६.७५. पण त्याच ४ जूनला दिवसभरात व्हिक्स ३१.७१ पर्यंत जाऊन आला होता. निफ्टी त्या दिवशी ५.९३ टक्के पडला, मतमोजणी चालू होती, आणि ऑप्शनचे भाव मिनिटामिनिटाला उलटसुलट होत होते.

आता बंद भाव धरून रँक:

```
100 * (22.79 - 10.20) / (26.75 - 10.20) = 76
```

आणि माथा दिवसातल्या उच्चांकाचा धरून:

```
100 * (22.79 - 10.20) / (31.71 - 10.20) = 58.5
```

दिवस तोच, व्हिक्स तोच, रेघही ७० चीच. पहिल्या पद्धतीत घंटी वाजली, दुसरीत नाही. ‘बाजार एवढा पडला आणि अलर्ट झोपलेला’ असं त्या आठवड्यात सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या सेटिंगमध्ये `high` होतं. कोडमध्ये किंवा इंडिकेटरच्या सेटिंगमध्ये हा एक शब्द शोधणं, एवढीच ही तपासणी.

मी बंद भावच घेतो. दिवसातला उच्चांक बहुतेक वेळा काही क्षणांचा असतो, आणि त्या क्षणी बिड-आस्क इतके फाकलेले असतात की त्या भावात सौदा झालाच असेल याची खात्री नसते. व्हिक्स झालेल्या सौद्यांवरून काढत नाहीत, ऑप्शनच्या बिड आणि आस्कवरून काढतात, हे इथे लक्षात ठेवा. याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ५ ऑगस्ट २०२४ ला तिथला व्हिक्स नियमित बाजार उघडण्याआधी ६५.७३ दाखवत होता आणि दिवसअखेर ३८.५७ वर बंद झाला. पहाटेच्या पातळ बाजारात लांबच्या स्ट्राइकचे आस्क भाव वर सरकले, बिड-आस्कमधला मध्य वर गेला आणि आकडा फुगला. तो ६५.७३ माथा म्हणून धरून बसलात तर पुढचं अख्खं वर्ष तुमचा रँक ठेंगणाच दिसणार.

उच्चांक धरणं चूक नाही, पण मग तळही दिवसातल्या नीचांकाचाच हवा. वर उच्चांक आणि खाली बंद भाव अशी सरमिसळ नको.

३. चार्टचा टाइमफ्रेम

पाच मिनिटांच्या चार्टवर रँक शून्य ते शंभर असे झोके घेत असेल तर पुढचं काहीही वाचण्याआधी हे बघा. ट्रेडिंगव्ह्यूवरच्या अशा पाइन स्क्रिप्टमध्ये हमखास या दोन ओळी सापडतात:

```
v  = request.security("NSE:INDIAVIX", "D", close)
hi = ta.highest(v, 252)
```

दिसायला ठीक. पहिली ओळ रोजचा आकडा आणते. पण दुसरी ओळ २५२ दिवस मागे जात नाही, समोरच्या चार्टच्या २५२ कँडल मागे जाते. आपला बाजार रोज ३७५ मिनिटं चालतो, म्हणजे पाच मिनिटांच्या ७५ कँडल. २५२ कँडल म्हणजे साडेतीन दिवससुद्धा नाहीत. तुमचा ‘वर्षाचा माथा’ परवाचा असतो. व्हिक्स जरा हलला की नवा माथा, रँक १००, घंटी.

उपाय सोपा. मोजणी बाहेर न करता रोजच्या डेटाच्या आतच करून घ्यायची:

```
//@version=5
indicator("IVR")
rank(len) =>
    hi = ta.highest(close, len)
    lo = ta.lowest(close, len)
    100 * (close - lo) / (hi - lo)
r = request.security("NSE:INDIAVIX", "D", rank(252))
plot(r)
alertcondition(ta.crossover(r, 70), "IVR 70")
```

आता चार्ट कोणताही लावा, रँक रोजच्या कँडलवरूनच येईल. खात्री करायची असेल तर रोजचा चार्ट आणि पाच मिनिटांचा चार्ट शेजारी शेजारी उघडा. शेवटचा आकडा दोन्हीकडे एकच दिसला पाहिजे.

दिवसभर पुन्हा पुन्हा वाजण्याचा इलाजही इथेच करून घ्या. शेवटच्या ओळीत `crossover` आहे, नुसतं `r > 70` नाही. नुसतं ‘मोठा आहे का’ विचारलं की प्रत्येक कँडलला उत्तर ‘हो’ येतं. पण `crossover` लावूनही रँक ७० च्या आसपास घुटमळत असेल तर तो दहा वेळा वर जाईल, दहा वेळा खाली येईल आणि तेवढ्याच वेळा वाजेल. यावर दोन उपाय. एक, अलर्ट रोजच्या चार्टवर लावून वारंवारिता `Once Per Bar Close` ठेवायची, म्हणजे दिवस संपल्यावर एकदाच निकाल. दुसरा, स्वतःचा कोड असेल तर वाजायची रेघ ७० आणि पुन्हा सज्ज व्हायची रेघ ६० ठेवायची. एकदा वाजल्यावर रँक ६० च्या खाली जाऊन येत नाही तोवर गप्प.

आणि सकाळचं. सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा लांबच्या स्ट्राइकमध्ये नीट बिड-आस्क लागलेले नसतात. त्या पहिल्या काही मिनिटांतल्या आकड्यावर घंटी वाजली तर तिला फार किंमत देऊ नका. दिवसात तपासायचंच असेल तर साडेनऊनंतर.

४. वरचे पाच आणि खालचे पाच दिवस डोळ्यांनी बघा

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर संशय डेटावर. कुणालाही फोन करण्याआधी वर्षभराचे आकडे चढत्या क्रमाने लावा आणि दोन्ही टोकं बघा. स्प्रेडशीटमध्ये असतील तर सॉर्ट. पायथॉनमध्ये असतील तर:

```
last = iv.tail(252)
print(last.nlargest(5))
print(last.nsmallest(5))
```

हे का करायचं? रँकमध्ये वर्षातले अडीचशे दिवस काहीच करत नाहीत, फक्त दोन टोकांचे दिवस बोलतात. मधल्या एखाद्या दिवसाचा आकडा चुकला तर कुणाला पत्ताही लागणार नाही. टोकाचा चुकला तर वर्षभर प्रत्येक दिवसाचा रँक चुकतो.

खालच्या टोकाला हमखास सापडतो तो शून्य. एनएसईच्या ऑप्शन चेनमध्ये ज्या स्ट्राइकची आयव्ही निघत नाही तिथे `-` अशी रेघ असते. आकडे उतरवून घेणारी स्क्रिप्ट तिचा शून्य करून टाकते. मग वर्षाचा तळ शून्य. एखाद्या शेअरची आयव्ही वर्षभर १८ ते ४० मध्ये फिरली आणि आज २० आहे, तर खरा रँक ९. तळ शून्य झाला की तोच रँक ५० दिसतो. शेअर शांत असताना रँक मध्यावरून फारसा खाली उतरतच नसेल तर आधी हेच बघा. शून्य असलेल्या ओळी रिकाम्या करायच्या, त्यात अंदाजाने काही भरायचं नाही.

वरच्या टोकाला एखादाच दिवस बाकीच्यांपासून फार तुटलेला दिसला, तर त्या तारखेला खरंच काही घडलं होतं का ते तपासा. निवडणूक निकाल, अर्थसंकल्प, शेअर असेल तर तिमाही निकाल. घटना असेल तर आकडा खरा, त्याला हात लावू नका. काहीच घडलेलं नसेल आणि आजूबाजूचे दिवस शांत असतील तर बहुधा एखाद्या पातळ स्ट्राइकचा भाव पकडला गेलाय. लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्त सत्राची ओळही एकदा बघून घ्या. तासाभराचं ते सत्र, आणि पातळ शेअरच्या ऑप्शनमध्ये त्या दिवशी वेडेवाकडे भाव लागलेले असू शकतात.

आता त्या रात्रीच्या उडीबद्दल. माथ्याची तारीख सापडली की ती लिहून ठेवा, कारण बरोबर वर्षाने तो दिवस वर्षभराच्या मोजणीच्या खिडकीतून बाहेर पडणार आहे. ४ जून २०२४ चा २६.७५ जून २०२५ मध्ये बाहेर पडला. मे २०२४ चे उंच दिवस त्याआधीच गेले होते, त्यामुळे नवा माथा झाला ७ एप्रिल २०२५ चा २२.७९. हिशेबाच्या सोयीसाठी तळ १२ आणि चालू व्हिक्स १६ धरा. जुन्या माथ्याने रँक २७, नव्याने ३७. बाजारात कुणी पानही हलवलेलं नाही आणि रँक दहाने वर. अलर्टची रेघ ३५ वर असती तर तो वाजला असता, आणि सूत्राप्रमाणे बरोबरच वाजला असता.

याला दुरुस्ती नाही, कारण यात मोडलेलं काही नाही. रँकचा तो स्वभावच आहे. मी एवढंच करतो की अलर्टच्या मजकुरात रँकबरोबर माथ्याची तारीखही छापून घेतो. ती तारीख कालच्यापेक्षा बदललेली दिसली की समजायचं, आयव्ही हलली नाही, मोजपट्टी हलली.

दोन साधनं याच दिवसांत एकमेकांशी भांडतात तेही यामुळेच. २५२ हा आकडा अमेरिकेतल्या कामकाजाच्या दिवसांचा. आपल्याकडे सुट्ट्या जास्त, वर्षाला साधारण २४५ ते २५० दिवस बाजार चालतो. त्यामुळे २५२ कँडल मोजणारं साधन वर्षापेक्षा काही दिवस जास्त मागे जातं, आणि कॅलेंडरचे ३६५ दिवस मोजणारं तिथेच थांबतं. एरवी फरक पडत नाही. मोठा माथा खिडकीच्या काठावर असतो त्या आठवड्यात मात्र एक वाजतं, दुसरं नाही.

५. आयव्ही स्वतः काढत असाल तर एक्स्पायरी

इंडिया व्हिक्स वापरणाऱ्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. तो निफ्टीच्या चालू आणि पुढच्या महिन्याच्या ऑप्शनवरून, पुढच्या तीस दिवसांसाठी काढलेला असतो, त्यामुळे एक्स्पायरीचा धक्का त्याला तितका लागत नाही. पण तो फक्त निफ्टीचा आहे. बँक निफ्टी किंवा एखाद्या शेअरच्या अलर्टला इंडिया व्हिक्स जोडून ठेवणारे लोकही मी पाहिलेत. तसं असेल तर इथेच सापडलं म्हणायचं.

जे जवळच्या एक्स्पायरीचा एटीएम स्ट्रॅडल, म्हणजे चालू भावाजवळच्या एकाच स्ट्राइकचा कॉल आणि पुट, घेऊन आयव्ही काढतात, त्यांचा अलर्ट ठरावीक वारी वाजतो. आणि सप्टेंबर २०२५ नंतर ही तक्रार फारच वाढली. निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी गुरुवारची होती, ती १ सप्टेंबर २०२५ पासून मंगळवारची झाली. ज्यांच्या कोडमध्ये ‘पुढचा गुरुवार’ असं लिहून ठेवलेलं होतं त्यांचा कोड चालत राहिला, कुठेही त्रुटीचा संदेश आला नाही, फक्त आकडे चुकायला लागले.

किती चुकतात ते बघा. स्ट्रॅडलची किंमत ठरलेली असेल तर आयव्ही उरलेल्या वेळेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात येते. खरी आयव्ही १२ धरा. सोमवारी खरा उरलेला वेळ एक दिवस, पण कोड गुरुवारपर्यंत तीन मोजतो. आयव्ही येते १२ भागिले तीनचं वर्गमूळ, म्हणजे ६.९. बुधवारी उलट. चेनमधला सगळ्यात जवळचा करार आता पुढच्या मंगळवारचा, सहा दिवसांचा, आणि कोडला वाटतं उद्याच एक्स्पायरी. आयव्ही येते १२ गुणिले सहाचं वर्गमूळ, म्हणजे २९.४. बाजार जागचा हललेला नाही आणि आयव्ही सोमवारी सात, बुधवारी एकोणतीस. दर बुधवारी वाजणारा अलर्ट दिसला की मी तर आता कोडमध्ये थेट `Thursday` शोधतो.

दुरुस्ती अशी की वार कोडमध्ये लिहायचाच नाही. ब्रोकर रोज सकाळी करारांची यादी देतो, तिच्यात प्रत्येक कराराची एक्स्पायरीची तारीख असते. ती वाचायची. मंगळवारी सुट्टी आली की एक्स्पायरी आदल्या कामकाजाच्या दिवशी होते, तेही त्यातच येतं.

पण लोक इथे एक अर्धं काम सोडतात. कोड सुधारला, आजची आयव्ही बरोबर आली, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा फोन: रँक २३ च्या आसपासच अडकून बसलाय. कारण मागच्या चुकीच्या ओळी अजून फाइलमध्येच आहेत. तळ ६.९ चा, माथा २९.४ चा, आणि ते वर्षभर खिडकीत बसणार. कोड सुधारल्यावर १ सप्टेंबर २०२५ पासूनचे आकडे नव्याने काढावे लागतात. स्ट्रॅडलचे भाव साठवून ठेवले असतील तर हे अर्ध्या तासाचं काम. फक्त आयव्ही साठवली असेल तर प्रत्येक ओळीच्या वारावरून चुकीचे आणि खरे दिवस काढून वर्गमुळाने दुरुस्त करता येतं, पण सुट्टीचे आठवडे हाताने तपासावे लागतात. आणि मंगळवारच्या ओळी यातूनही सुटत नाहीत, कारण त्या दिवशी उरलेले तास किती होते हे तुम्ही लिहून ठेवलेलं नसतं.

कोड बरोबर असला तरी एक्स्पायरीच्या दिवसाची आयव्ही वर्षाच्या मोजणीत घेऊ नका. निफ्टी २५,००० वर आहे आणि एक्स्पायरीला एक तास उरलाय असं धरा. १२ टक्के आयव्हीने एटीएम स्ट्रॅडल साधारण २५ रुपयांचा होतो. त्यात बिड-आस्कमुळे आठ रुपये इकडे तिकडे झाले तर आयव्ही पावणेचार अंकांनी बदलते. तेच आठ रुपये तीस दिवसांच्या स्ट्रॅडलमध्ये आयव्हीला दीड दशांशही हलवत नाहीत. म्हणजे शेवटच्या दिवशी तुम्ही आयव्ही मोजत नाही, भावातला गोंगाट मोजता. माझी पद्धत: उरलेले दिवस दोनपेक्षा कमी झाले की पुढच्या एक्स्पायरीवर जायचं. त्याहून बरं, दोन एक्स्पायरींच्या मधून तीस दिवसांची आयव्ही काढायची. पण त्यासाठी दोन्ही एक्स्पायरींचे वर्षभराचे भाव हवेत, आणि ते बहुतेकांकडे नसतात.

कुठे थांबायचं

दोन विकत घेतलेल्या स्रोतांत रँक नव्हे, तर एकाच स्ट्राइकची, एकाच एक्स्पायरीची, एकाच मिनिटाची आयव्ही दोन-तीन अंकांनी वेगळी येत असेल तर तुमच्या कोडमध्ये शोधत बसू नका. व्याजदर, फ्यूचरचा भाव धरलाय की स्पॉटचा, दिवस कॅलेंडरचे मोजलेत की कामकाजाचे, हे त्यांच्या बाजूला ठरतं. डेटा देणाऱ्याच्या सपोर्टला लिहा.

शेअरला बोनस किंवा स्प्लिट झाला असेल आणि त्या तारखेपासून आयव्ही बिनसली असेल, तरीही तेच करा. एक्सचेंज स्ट्राइक आणि लॉट दोन्ही बदलतं. जुन्या स्ट्राइकला नवा शेअरभाव जुळवून झालेला घोळ हाताने निस्तरताना तो वाढतोच.

अलर्टला आपोआप ऑर्डर जोडलेली असेल तर पहिल्या चुकीच्या घंटीलाच ती जोडणी काढा, मग तपासणी सुरू करा. ऑर्डरची बाजू ब्रोकरच्या एपीआय विभागाशी बोलल्याशिवाय पुन्हा जोडू नका. त्यात मी हात घालत नाही, कुणी कितीही म्हटलं तरी.

आणि अलर्ट बरोबर वाजला, रँक खरा ७६ आहे, आता स्ट्रॅडल विकू का? हा प्रश्न सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला विचारायचा. ७ एप्रिल २०२५ ला रँक ७६ होता, उद्या तो ९० होणार नाही असं त्या आकड्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

सपोर्टला लिहिताना ‘तुमची आयव्ही चुकते’ एवढंच लिहिलं तर उत्तरादाखल ठरलेला मजकूर येतो. तारीख, मिनिटापर्यंतची वेळ, स्ट्राइक, कॉल की पुट, एक्स्पायरीची तारीख, त्या क्षणीचे बिड आणि आस्क, निफ्टी फ्यूचरचा भाव, त्यांचा आकडा आणि तुमचा आकडा, एवढं एका मेलमध्ये द्या आणि ऑप्शन चेनचा स्क्रीनशॉट जोडा. एकाच दिवसाचं उदाहरण देऊ नका. एक एक्स्पायरीच्या आठवड्यातलं आणि एक महिनाभर लांबच्या कराराचं, अशी दोन द्या. फरक फक्त पहिल्यात असेल तर त्यांचा माणूस थेट दिवस मोजण्याच्या पद्धतीकडे बघेल, दोन्हीत सारखा असेल तर व्याजदर आणि फ्यूचरकडे.